एकदाच पाठवलेल्या चॅटच्या फाइली: फोन, मेल आणि ड्राइव्हमधून त्या पुरत्या कशा काढाव्यात?

सुरंगी, राजापूर

आमच्या वाडीतील सामायिक घराचे छप्पर गेल्या उन्हाळ्यात उतरवून नव्याने घातले. वासे, रिपा, कौले, सुताराची मजुरी आणि मुंबईहून आलेल्या वर्गण्या असा सगळा हिशेब अकरा जणांच्या कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटावरच चालला होता. गणपतीत सगळे एकत्र आले तेव्हा हिशेब जुळेना. डोंबिवलीच्या चुलतभावाने पूर्ण चॅट मागितले आणि मी ते तीन वाटांनी दिले.

पहिल्यांदा गट उघडून `Export chat` मधून फोटोंशिवाय मजकुराची फाइल काढली व जीमेलने पाठवली. त्याला पावत्यांचे फोटोही हवे होते, म्हणून दुसऱ्यांदा फोटोंसह काढली. ती २१२ एमबीची झिप फाइल झाल्यामुळे मेलने जाणार नव्हती, तेव्हा ड्राइव्हमध्ये ठेवून लिंक दिली. तिसरी वाट म्हणजे तिठ्यावरचे झेरॉक्सचे दुकान. मोठ्या काकांना कागदावर वाचायचे होते, म्हणून मजकुराची फाइल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ३८ पाने छापून घेतली.

हिशेब आता मिटला आहे. परंतु त्याच गटावर सातबारा काढण्यासाठी दिलेली आधारकार्डे आहेत, दोघांच्या पासबुकांची पहिली पाने आहेत, आणि काकूंच्या शस्त्रक्रियेच्या वेळचे अहवालही आहेत. मी फोनच्या `Download` फोल्डरमधील झिप फाइल काढून टाकली आहे. एवढ्याने काम झाले असे समजावे का?

तिठा, लांजे

ताई, एवढी काळजी करण्याचे कारण दिसत नाही. दुकानाला पाठवलेला मेसेज `Delete for everyone` करावा, ड्राइव्हमधील फाइल डिलीट करावी म्हणजे लिंक तिथेच मरते, आणि गटावरील जुने फोटो काढून टाकावेत म्हणजे मुळातच काही उरत नाही. माझ्या गटांवर तर नव्वद दिवसांनी मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय मी केव्हाच चालू केली आहे.

खाडीकाठ, जैतापूर

तिठा यांच्या सांगण्यातील दिशा बरोबर आहे. मात्र तिन्ही ठिकाणी ते एक पायरी अलीकडे थांबले आहेत. मी अनेक वर्षे कार्यालयांचे मेल आणि संगणक सांभाळण्याचे काम केले आहे. तिथे हाच गोंधळ वारंवार पाहिला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चॅट एक्सपोर्ट झाले की त्या फाइलीची व्हॉट्सअ‍ॅपशी असलेली नाळ तुटते. ती साधी मजकुराची फाइल असते, तिला कुलूप नसते, आणि ती कोणत्याही फोनवर वा संगणकावर उघडते. त्यामुळे गटावरील फोटो काढले, गट रिकामा केला किंवा नव्वद दिवसांची सोय चालू केली, तरी आधीच बाहेर पडलेल्या फाइलीतील एक ओळही कमी होत नाही. उलट मूळ चॅट जाते आणि विनाकुलपाची प्रत मागे राहते, म्हणजे नको त्या क्रमाने साफसफाई होते.

`Delete for everyone` ला मुदत असते. ती दोन दिवसांहून थोडी अधिक आहे, आणि ताईंचा मेसेज गणपतीतला आहे. मुदतीत केले असते तरी दुकानदाराने छापण्यासाठी संगणकावर उतरवलेली फाइल त्याने गेली नसती.

आता ड्राइव्ह. तिन्हींत हे ठिकाण सर्वांत उघडे आहे, म्हणून सुरुवात इथूनच करावी. फाइल डिलीट केल्यावर ती ड्राइव्हच्या कचऱ्यात म्हणजे `Trash` मध्ये जाते आणि तिथे ३० दिवस राहते. कायमची काढली जाईपर्यंत, ज्यांना ती दिली आहे त्यांना ती उघडता येऊ शकते आणि स्वतःची प्रतही करून घेता येऊ शकते. म्हणून क्रम असा ठेवावा. आधी फाइलीच्या `Share` मध्ये जाऊन `Anyone with the link` असेल तर ते `Restricted` करावे आणि खाली कोणाचे नाव जोडलेले असेल तर तेही काढावे. त्यानंतर फाइल कचऱ्यात टाकावी. शेवटी कचरा उघडून त्या फाइलीवर `Delete forever` करावे. ही तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात, आणि पहिली तर कोणी करतच नाही.

लिंक खरोखर बंद झाली का, हे पाहण्यासाठी चुलतभावाला पाठवलेली तीच लिंक ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, कोणत्याही खात्यात प्रवेश न करता उघडून पाहावी. फाइल दिसली तर अजून काहीतरी उघडे आहे.

आंबोशी, देवगड

माझाही हाच प्रश्न आहे, म्हणून नवा धागा काढत नाही. माझे वडील गेल्यानंतर चुकून त्यांच्याबरोबरचे चॅट माझ्याकडून पुसले गेले. त्याआधी मी ते एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल केले होते, तो मेल अजून आहे. त्या फाइलीतून चॅट परत व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कसे आणावे?

खाडीकाठ, जैतापूर

आंबोशी, तुमचा प्रश्न नेमका उलट बाजूचा आहे, पण उत्तर लहान आहे. एक्सपोर्ट केलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत भरता येत नाही. ती फक्त वाचण्यासाठी असते. परत भरता येतो तो व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, आणि चॅट पुसले गेल्यानंतर नवा बॅकअप झाला असेल तर त्यातही ते नसणार. तुमच्यासाठी तो मेल हीच एकमेव प्रत आहे. या धाग्यात सांगितलेले काहीही तुम्ही करू नका, आणि त्या फाइलीची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मोठ्या चॅटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. एक्सपोर्टमध्ये अलीकडचे ठरावीक मेसेजच येतात, फोटोंशिवाय ४०,००० आणि फोटोंसह १०,००० पर्यंत. त्यामुळे तुमच्या फाइलीची सुरुवात कोणत्या तारखेपासून आहे तेही पाहून ठेवा.

आंबोशी, देवगड

पाहिले. सुरुवात त्यांनी पाठवलेल्या कलमांच्या फोटोच्या ओळीपासून आहे. फोटो नाही, नुसते `<Media omitted>` लिहिलेले आहे. तरी चालेल. आभारी आहे.

सुरंगी, राजापूर

खाडीकाठ, आपण सांगितल्याप्रमाणे ड्राइव्ह उघडला आणि पहिलाच धक्का बसला. माझ्या खात्यात ती झिप फाइलच नव्हती! लिंक मात्र खाजगी खिडकीत व्यवस्थित उघडत होती. अर्धा तास शोधल्यावर लक्षात आले की माझ्या फोनवर दोन गूगल खाती आहेत, एक माझे आणि एक मी शिकवते त्या शाळेने दिलेले. फाइल सेव्ह करताना वर शाळेचे खाते निवडलेले होते आणि मी ते न पाहताच पुढे गेले. म्हणजे काकूंचे अहवाल आणि सगळ्यांची आधारकार्डे इतके दिवस शाळेच्या ड्राइव्हमध्ये होती.

त्याच ठिकाणी त्याच नावाच्या दोन फाइली होत्या. पहिल्यांदा रेंज गेल्यामुळे पाठवणे अडले असे वाटून मी पुन्हा पाठवले होते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा ती गेली होती. दोन्हींची वाटणी बंद केली, कचऱ्यात टाकल्या आणि कायमच्या काढल्या. आता लिंक उघडत नाही. शाळेच्या खात्याचे वेगळे काही असते का?

खाडीकाठ, जैतापूर

असते. संस्थेने दिलेल्या खात्याचा कारभारी वेगळा असतो. वापरणाऱ्याने कचरा रिकामा केला तरी त्यानंतर २५ दिवसांपर्यंत त्या कारभाऱ्याला ड्राइव्हमधील फाइली आणि मेल परत आणता येतात. संस्थेने माहिती राखून ठेवण्याचा नियम लावलेला असेल तर त्याहून अधिक काळही ती प्रत राहू शकते, आणि ते तुमच्या पडद्यावर कुठेही दिसत नाही. कोणी मुद्दाम उकरून काढील असे मी म्हणत नाही, कारण शाळेत हे काम पाहणाऱ्याला बहुधा स्वतःचेच काम पुरत नसते. मात्र आज तुमच्या बाजूने ती गेली असली, तरी पूर्णपणे जाण्यास अजून काही आठवडे आहेत असे धरून चाला.

आता मेल. जीमेलमध्ये पाठवलेल्या मेलमधून फक्त जोडलेली फाइल काढता येत नाही. काढायचा तर तो पूर्ण मेलच काढावा लागतो. आधी सगळे मेल सापडायला हवेत. संगणकावर जीमेल उघडून शोधाच्या चौकटीत पुढील दोन ओळी एकामागून एक टाकाव्यात.

```
in:anywhere has:attachment filename:txt
in:anywhere has:attachment filename:zip
```

`in:anywhere` लिहिण्याचे कारण असे की साध्या शोधात कचरा आणि स्पॅम पाहिले जात नाहीत. काही जण `WhatsApp Chat with` या विषयावरून शोधतात, आणि इंग्रजीतील अ‍ॅपमध्ये ते चालतेही, पण अ‍ॅपची भाषा मराठी ठेवली असेल तर विषय आणि फाइलीचे नावही मराठीत येऊ शकते. मग त्या शोधात काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. त्यापेक्षा फाइलीच्या प्रकारावरून शोधणे अधिक खात्रीचे.

सापडलेल्यांत मसुद्यांकडे विशेष लक्ष द्यावे. एक्सपोर्ट करताना जीमेल निवडले, मेल उघडला आणि नंतर विचार बदलून मागे आलो, तर तो मेल फाइलीसह `Drafts` मध्ये बसून राहतो. पाठवलाच नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. पाठवलेला मेल काढल्यावर तोही ३० दिवस कचऱ्यात असतो, म्हणून तिथेही `Delete forever` करावे लागते.

आपला पाठवलेला मेल काढल्याने समोरच्याच्या पेटीतील मेल जात नाही. तिथे फक्त शब्द टाकता येतो.

तिठा, लांजे

ड्राइव्हच्या कचऱ्याचे मला ठाऊक नव्हते, हे मान्य करतो. पण मग फोनचे काय? फोनवरून डिलीट केलेली फाइल एखादे सॉफ्टवेअर लावून परत काढता येते, असे मी अनेकदा ऐकले आहे. खरी खबरदारी घ्यायची तर फोन पूर्ण रीसेट करायला हवा.

खाडीकाठ, जैतापूर

जुन्या मेमरी कार्डाच्या बाबतीत तुमचे म्हणणे खरे आहे. फाइल फोनमधील कार्डावर ठेवली असेल आणि ते कार्ड उद्या कोणाला देणार असाल, तर काळजी घ्यावी. आजच्या फोनच्या अंतर्गत साठ्यातील मजकूर मात्र मुळातच कूटबद्ध असतो. तिथून पुसलेली फाइल झेरॉक्सच्या दुकानात किंवा दुरुस्तीवाल्याकडे कोणी सहज उकरून काढील असे नाही. एका फाइलीसाठी फोन रीसेट करणे म्हणजे कौल फुटले म्हणून घर उतरवण्यासारखे आहे, आणि ताईंनी एकदा घर उतरवलेच आहे.

फोनवर खरी अडचण वेगळी असते: एकच फाइल चार ठिकाणी पडलेली असते. ताईंच्या बाबतीत मला असे दिसते. `Download` मधील झिप त्यांनी काढली. ती तिथे आली म्हणजे कधीतरी ड्राइव्हवरून उतरवून पाहिली असणार, आणि उघडून पाहिली असेल तर फोटोंचा एक मोकळा फोल्डर शेजारी तयार झालेला असेल. झिप काढली तरी तो फोल्डर तसाच राहतो. त्यातील फोटो गॅलरीत दिसतात, आणि गूगल फोटोजमध्ये त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर ते तिथेही चढतात. दुकानाला पाठवलेल्या मजकुराच्या फाइलीची प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्येही असू शकते. तो फोल्डर असा आहे.

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents/Sent
```

इतके आत शिरायचे नसेल तर गूगलच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये `Documents` हा विभाग उघडावा. तिथे सगळ्या फोल्डरांतील कागदपत्रे एकत्र दिसतात, आणि नावावरून चॅटच्या फाइली ओळखता येतात. त्या अ‍ॅपलाही स्वतःचा ३० दिवसांचा कचरा आहे, तो रिकामा करावा. गूगल फोटोजचा कचरा मात्र बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ६० दिवसांचा असतो. सगळीकडे तीसच दिवस असतात या समजुतीने तो हमखास राहून जातो.

सुपारीची_बाग, वेंगुर्ले

आयफोन वापरणाऱ्यांसाठी एवढेच लिहितो. तिथे चॅट झिप म्हणूनच निघते. `Save to Files` केले असेल तर ती फोनमध्ये गेली की आयक्लाउड ड्राइव्हमध्ये, हे आधी पाहावे, कारण आयक्लाउडमधील फाइल त्याच खात्याच्या आयपॅडवर आणि मॅकवरही दिसते. माझ्या बाबतीत ती मुलीच्या आयपॅडवर सापडली. काढल्यावर `Recently Deleted` मध्ये जाऊन तिथूनही काढावी.

शाईचा_डाग, कणकवली

मी स्वतः झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान चालवतो, म्हणून दुकानाच्या बाजूने लिहितो. इतरांच्या दुकानांबद्दल मला बोलायचे नाही, पण पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते.

गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवते. आमच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब कायम उघडे असते. फाइलीवर क्लिक केले की ती `Downloads` मध्ये उतरते आणि तिथून छापली जाते. दिवसाला शंभर फाइली येतात, त्यात सातबारे, दाखले, लग्नपत्रिका आणि आधारकार्डे सगळेच असते. गिऱ्हाईक गेल्यावर ती फाइल काढायला कोणाला वेळ असतो? महिन्या-दोन महिन्यांनी संगणक रडू लागला की फोल्डर निवडून एकदम काढतो, आणि तेव्हाही रीसायकल बिन रिकामे होतेच असे नाही. दुकानाच्या फोनमध्ये चॅटही तसेच असते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण खरे आहे ते असे आहे.

ताईंनी दुकानात जाऊन सांगितले तर कोणीही नाही म्हणणार नाही. मात्र "फाइल काढा" एवढेच सांगून उपयोग नाही, कारण आम्ही समोर चॅट काढून दाखवतो आणि गिऱ्हाईक समाधानाने जाते. तीन गोष्टी सांगाव्यात: व्हॉट्सअ‍ॅपमधील मेसेज, `Downloads` मधील फाइल आणि रीसायकल बिन. `Downloads` मध्ये फाइल दोनदा उतरली असेल तर दुसरीच्या नावापुढे `(1)` लागलेले असते, म्हणून शोधाच्या चौकटीत नाव टाकून पाहायला सांगावे. फाइल निवडून `Shift+Delete` केले तर ती बिनमध्ये न जाता थेट जाते.

एक गोष्ट कोणी विचारली नाही, ती मीच सांगतो. पहिली दोन-तीन पाने हमखास चुकतात, कधी अक्षर बारीक येते तर कधी समास कापला जातो. ती पाने पाठकोरी म्हणून गठ्ठ्यात जातात आणि त्यांवर हिशेब लिहिला जातो.

सुरंगी, राजापूर

आपले शेवटचे वाक्य वाचले आणि उठून कपाट उघडले. ३८ पानांबरोबर दुकानाने दिलेली चिठ्ठी अजून होती. तिच्या पाठीमागे कोणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्धा भाग छापलेला आहे, नावासकट. आमच्या चॅटची चुकलेली पाने कोणाच्या घरी गेली असतील, हे आता शोधून काढणे शक्य नाही.

मेलचे सांगते. तुमच्या दोन ओळींनी पाच मेल सापडले: भावाला पाठवलेला एक, दोन मसुदे, मी स्वतःलाच पाठवलेला एक, आणि एक तर तीन वर्षांपूर्वीचा, वेगळ्याच चॅटचा, जो का काढला होता हेही आता आठवत नाही. पाचही काढले. फोनवर झिपमधून निघालेला फोल्डर होता आणि `Sent` मध्ये मजकुराची फाइलही होती. गूगल फोटोजमध्ये मात्र काही चढले नव्हते.

पायरीवरून, रत्नागिरी

मी वकिली करते, आणि साफसफाईचा हा उत्साह पाहून थोडी खीळ घालावीशी वाटते. सुरंगीताईंनी हिशेब मिटला असे लिहिले आहे. तो खरोखर मिटला का, हे आधी पाहावे. सामायिक घर, वर्गण्या आणि अकरा वाटेकरी असे प्रकरण आमच्याकडे कोणत्या वाटेने येते ते मी रोज पाहते. वाद कोर्टात गेला असेल किंवा जाण्याची चिन्हे असतील, तर पुरावा म्हणून लागेल असे काही मुद्दाम नष्ट करू नये. पुरावा सादर होऊ नये या हेतूने दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

तरीही या धाग्यात ज्या फाइलींची चर्चा चालली आहे त्या मूळ नोंदी नाहीत, प्रती आहेत. मजकुराची फाइल कोणीही उघडून त्यातील आकडा बदलू शकते, त्यामुळे नुसत्या तिच्यावर विसंबून कोणी पुढे जात नाही. चॅट पुराव्यात आणायचे असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, जे पूर्वी कलम ६५ब खाली लागत असे. त्यात ते कोणत्या उपकरणातून काढले याचा तपशील द्यावा लागतो. म्हणून फोनमधील मूळ गट जपावा आणि बाहेर विखुरलेल्या प्रती काढाव्यात. तिठा यांनी सुचवल्याप्रमाणे उलटे करू नये.

तिठा, लांजे

दुसऱ्यांदा माझे नाव आले. स्वीकारतो. पण एक शंका राहते. सगळ्या प्रती काढल्या आणि उद्या भावाने त्याच्याकडील फाइलीतील आकडे बदलून दाखवले, तर ताईंकडे मिळवून पाहायला काय उरेल?

पायरीवरून, रत्नागिरी

मूळ गट उरेल, आणि तो अकरा जणांच्या फोनमध्ये आहे.

खाडीकाठ, जैतापूर

इथे माझे मत थोडे वेगळे आहे. अकरापैकी किती जणांनी गट रिकामा केला असेल, किती जणांचे फोन बदलले असतील, हे सांगता येत नाही. ताईंचा फोन उद्या खाडीत पडला आणि बॅकअप नसेल तर काय? मी असतो तर फोटोंशिवायच्या मजकुराची एकच प्रत पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये, घरातल्या पेनड्राइव्हवर ठेवली असती. आधारकार्डे आणि अहवाल फोटोंत आहेत, त्यामुळे ते त्या प्रतीत येत नाहीत. हिशेबाच्या ओळी तेवढ्या राहतात.

पायरीवरून, रत्नागिरी

त्या प्रतीचा कोर्टात फारसा उपयोग नाही, पण घरात मिळवून पाहण्यासाठी आहे, हे मान्य. फक्त पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्याच पेनड्राइव्हला बांधू नये. तसे बांधलेले मी पाहिले आहे.

शाईचा_डाग, कणकवली

आमच्याकडे येणाऱ्या पेनड्राइव्हांतले निम्मे व्हायरसने भरलेले असतात, तेवढे लक्षात असू द्या. तो पेनड्राइव्ह दुकानात आणू नये.

आंबोशी, देवगड

मध्येच विचारते, क्षमस्व. दुसऱ्याने आपले चॅट एक्सपोर्ट करूच नये अशी काही सोय आहे का? इथे सगळे काढण्याचेच चालले आहे.

खाडीकाठ, जैतापूर

आहे. एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने `Advanced chat privacy` ही सोय आणली. चॅटच्या किंवा गटाच्या माहितीत ती चालू केली की त्यातील इतरांना ते चॅट एक्सपोर्ट करता येत नाही आणि फोटोही त्यांच्या फोनमध्ये आपोआप उतरत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र काढता येतो, आणि फोटो हाताने सेव्हही करता येतो. आधी काढलेल्या फाइलींवर तर तिचा काहीच परिणाम होत नाही. ताईंच्या गटात ती आधीच चालू असती तर कदाचित भावाने थेट पावत्यांचे फोटोच मागितले असते, आणि खरे तर हिशेबासाठी तेवढेच लागत होते.

सुरंगी, राजापूर

ते मलाही आता पटते. चौदा महिन्यांचे चॅट देण्याऐवजी पावत्यांचे बावीस फोटो दिले असते तर काम झाले असते.

शनिवारी दुकानात जाऊन आले. मालकांनी तिन्ही गोष्टी माझ्यासमोर केल्या. `Downloads` मध्ये आमची फाइल एकदा नव्हे, तीनदा सापडली. तिसरी `(2)` लागलेली होती आणि ती कधी उतरवली हे त्यांनाही आठवेना. पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात आमची दोन पाने निघाली. त्यांतील एकावर सुताराच्या मजुरीची ओळ होती आणि तिच्या पाठीमागे कोणाच्या तरी कोळंबीचा हिशेब. दोन्ही घेऊन आले.

मोठ्या काकांकडची ३८ पाने त्यांनी फाइलमध्ये लावून पेटीत ठेवली आहेत आणि ती देण्यास ते तयार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे असे मला वाटते.

चुलतभावाचे मात्र अडले आहे. मेल त्याने काढला, पण झिप फाइल त्याने कार्यालयाच्या लॅपटॉपवर उतरवली होती, आणि तो लॅपटॉप महिन्याभरापूर्वी बदलून मिळाला. जुना आता कोणाकडे आहे हे तो विचारतो म्हणाला आहे. त्याला विचारून आज आठ दिवस झाले. अशा वेळी त्याच्या कार्यालयाला काय लिहावे, हे कोणी सांगू शकेल का?

खाडीकाठ, जैतापूर

त्याने लिहावे, तुम्ही नव्हे. त्याच्या कार्यालयातील संगणक विभागाला एवढेच विचारावे की जुना लॅपटॉप दुसऱ्याला देण्याआधी पुसला गेला का, आणि त्याच्या `Downloads` फोल्डरची प्रत नव्या लॅपटॉपवर किंवा कार्यालयाच्या क्लाउडवर नेली गेली का. बहुतेक ठिकाणी लॅपटॉप बदलताना जुन्यातील फोल्डर नव्यात जसेच्या तसे नेले जातात. तेव्हा जुन्याचा शोध घेण्याआधी त्याने नव्या लॅपटॉपवरच ते नाव शोधून पाहावे.

सुरंगी, राजापूर

हे त्याला आत्ताच कळवले. नव्या लॅपटॉपवर शोधून सांगतो म्हणाला. उत्तर आले की इथे लिहीन.